अंबड-सातपूरमध्ये नोकरी बदलताना: राजीनाम्याचा ईमेल

बुलढाणा, जळगाव, हिंगोली, वाशीम अशा भागांतून डिप्लोमा किंवा डिग्री करून नाशिकला येणारी मुले उत्तमनगर-पवननगरच्या खोल्यांत स्थिरावतात, अंबडच्या किंवा सातपूरच्या एखाद्या मशिनिंग युनिटमध्ये चिकटतात आणि दीड-दोन वर्षांत सिन्नरकडे किंवा गोंद्याकडे मोठ्या कंपनीत नोकरी मिळवतात. नोकरी मिळवण्याची तयारी सगळे करतात. सोडण्याची मात्र कुणी करत नाही. मी स्वतः विदर्भातून येऊन येथे स्थायिक झालेलो आहे. आमच्या बाजूच्या मुलांनी लिहिलेले राजीनाम्याचे ईमेल अनेकदा माझ्याकडे तपासायला येतात, आणि खेदाची गोष्ट अशी की बहुतेक वेळा ते पाठवून झाल्यानंतर येतात.

नवीन कंपनीचे ऑफर लेटर, पगार आणि रुजू होण्याची तारीख यांसह, लेखी हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नये.

त्यानंतर आपले जुने नियुक्तिपत्र काढून नोटिशीचे कलम वाचावे. त्यात दोन गोष्टी पाहायच्या असतात. नोटीस किती दिवसांची आहे, आणि ती पूर्ण न केल्यास कपात मूळ पगारावर होणार की एकूण पगारावर, हे दोन्ही नीट समजून घ्यावे. या दुसऱ्या गोष्टीकडे कुणी लक्ष देत नाही. समजा, मूळ पगार १५,००० रुपये आणि एकूण पगार २७,००० रुपये आहे, आणि तीस दिवसांच्या नोटिशीतले बारा दिवस भरायचे राहिले. महिना तीस दिवसांचा धरला तर मूळ पगाराच्या हिशेबाने दिवसाला ५०० म्हणजे ६,००० रुपये कापले जातात, आणि एकूण पगाराच्या हिशेबाने दिवसाला ९०० म्हणजे १०,८०० रुपये. खोलीभाडे आणि मेस भरून घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाला हा फरक लहान नाही.

हे आकडे मी मनाने बनवलेले नाहीत. आमच्या तालुक्यातल्या एका मुलाचे आहेत. त्याने ईमेलमध्ये लिहिले होते, ‘कृपया मला लवकरात लवकर कार्यमुक्त करावे.’ तारीख लिहिलीच नव्हती. एचआरने तो ईमेल आठवडाभर तसाच ठेवला, पुढे तोंडी ‘बघू’ म्हणून सांगितले, आणि नवीन कंपनीची रुजू होण्याची तारीख जवळ आल्यावर हा घाबरून अठराव्या दिवशी यायचा बंद झाला. बारा दिवसांची कपात एकूण पगारावर झाली, कारण त्याच्या नियुक्तिपत्रात तसेच लिहिलेले होते. पण खरे नुकसान त्याहून मोठे होते. त्याला रिलीव्हिंग लेटर मिळाले नाही, आणि पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही. ती तारीख नसली की जुन्या खात्यातली रक्कम नवीन खात्यात वळवण्याचे काम अडते. त्याला नंतर स्वतः लॉग इन करून ती तारीख भरावी लागली, आणि ती सोय शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावरच मिळते. म्हणून मी ज्याला त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: ईमेलमध्ये शेवटचा कामाचा दिवस तारखेसकट लिहा. ‘लवकर’, ‘महिनाअखेरीस’, ‘नियमाप्रमाणे’ हे शब्द तारखेच्या जागी चालत नाहीत.

तारीख मोजण्याची रीत सोपी आहे. ईमेल सोमवार, २ जून २०२५ रोजी पाठवला आणि नोटीस तीस दिवसांची असली, तर पहिला दिवस ३ जून धरावा. म्हणजे तिसावा दिवस बुधवार, २ जुलै येतो. २ जूनपासून मोजणारे १ जुलै सांगतात, पण एका दिवसासाठी वाद ओढवून घेण्यापेक्षा उशिराची तारीख लिहिलेली बरी. नोटीस दिवसांत नसून ‘एक महिना’ अशी लिहिलेली असेल तरीही २ जुलै ही तारीख चालते. शिल्लक रजा नोटिशीत वळती करून मिळेल असे गृहीत धरू नये. तशी लेखी मंजुरी मिळाली तरच ती धरावी. नवीन कंपनीकडून रुजू होण्याची तारीख मागताना मध्ये चार-पाच दिवस मोकळे ठेवावेत. या उदाहरणात सोमवार, ७ जुलै ठीक आहे. जुन्या नोकरीचा शेवटचा दिवस आणि नवीन नोकरीचा पहिला दिवस पीएफच्या नोंदीत एकमेकांवर चढले तर पुढे उगाच खुलासे द्यावे लागतात.

आता कारणाबद्दल. आमच्या मुलांना मालकासमोर ‘दुसरीकडे नोकरी मिळाली’ असे म्हणायला संकोच वाटतो. ज्याने ओळख नसताना कामावर घेतले, कधी ॲडव्हान्स दिला, त्याला सोडून जाणे म्हणजे बेइमानी, असे काहीसे मनात असते. मग वडिलांच्या आजारपणाचे किंवा गावच्या शेतीचे कारण लिहिले जाते. नाशिकचे औद्योगिक जग दिसते त्यापेक्षा फार लहान आहे. अंबडचा क्वालिटी मॅनेजर आणि सिन्नरचा प्लांट हेड बऱ्याचदा पूर्वी एकाच शॉप फ्लोअरवर काम केलेले असतात, त्यामुळे आजारी वडिलांचा मुलगा पंधरा दिवसांत दुसऱ्या गेटवर पंचिंग करताना दिसल्याचे जुन्या साहेबांना सहज कळते. येथील माणसे गोड बोलतात आणि तोंडावर काही म्हणत नाहीत, पण लक्षात ठेवतात. खरे कारण एका वाक्यात लिहावे. नवीन कंपनीचे नाव आणि पगार लिहिण्याची मात्र गरज नाही.

ईमेल पाठवण्याआधी साहेबांना केबिनमध्ये जाऊन प्रत्यक्ष सांगावे आणि त्याच दिवशी ईमेल पाठवावा. व्हॉट्सॲपवरचा संदेश पुरेसा समजू नये. ईमेल विभागप्रमुखांना, प्रत एचआरला, आणि एक प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर घ्यावी, कारण कंपनीचा ईमेल शेवटच्या दिवशी बंद होतो आणि त्यासोबत आपला पुरावाही जातो. जे ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहेत त्यांनी राजीनामा ठेकेदाराच्या नावे लिहून प्रत कंपनीला द्यावी.

बहुतेक ठिकाणी हा ईमेल इंग्रजीत जातो, पण मालक मराठी असलेल्या युनिटमध्ये मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, आणि इंग्रजीत लिहायचा असला तरी आधी मराठीत मजकूर पक्का केल्यास वाक्ये भरकटत नाहीत. क्वालिटी विभागातल्या एका मुलासाठी मी नुकताच तयार करून दिलेला मजकूर असा:

विषय: राजीनामा – क्वालिटी इंजिनिअर – शेवटचा कामाचा दिवस २ जुलै २०२५

आदरणीय साहेब,

सकाळी आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार, मी क्वालिटी इंजिनिअर या पदाचा राजीनामा देत आहे. मी दुसऱ्या ठिकाणी नोकरी स्वीकारली आहे. माझ्या नियुक्तिपत्रातील तीस दिवसांच्या नोटिशीनुसार माझा शेवटचा कामाचा दिवस बुधवार, २ जुलै २०२५ हा राहील.

कॉलेजातून थेट आलेल्या मला आपण पहिल्याच वर्षी ग्राहकाच्या ऑडिटला सोबत बसवले आणि कंट्रोल प्लॅन स्वतः तयार करू दिला. त्या कामामुळेच मी मापे घेणारा न राहता प्रक्रिया समजून घेणारा झालो, याबद्दल मी आपला आणि विभागातील सर्वांचा मनापासून आभारी आहे.

माझ्याकडील कामांची स्थिती अशी आहे. बोअर ओव्हरसाइजच्या ग्राहक तक्रारीचा एटडी रिपोर्ट पाठवलेला असून सुधारणेच्या परिणामाची तपासणी २० जूनपर्यंत मी पूर्ण करीन. जून-जुलैमध्ये कॅलिब्रेशनची मुदत संपणाऱ्या सहा गेजेसपैकी चार मी याच महिन्यात लॅबला पाठवीन. उरलेल्या दोन गेजेसची मुदत जुलैअखेरीस असल्याने त्यांची नोंद रजिस्टरमध्ये वेगळी करून देतो. नवीन फ्लँजच्या पीपॅपची कागदपत्रे अपूर्ण असून ती माझ्या कार्यकाळात पूर्ण होणार नाहीत. ती कोणाकडे सोपवायची हे आपण १० जूनपर्यंत सांगितल्यास मी त्यांच्यासोबत बसून काम समजावून देईन. मास्टर गेजच्या कपाटाची किल्ली, तपासणीचा शिक्का आणि लॅपटॉप मी शेवटच्या दिवशी स्टोअर व एचआरकडे जमा करून पोच घेईन.

कृपया राजीनामा स्वीकारल्याचे आणि शेवटच्या दिवसाची तारीख मान्य असल्याचे उत्तर द्यावे, तसेच शेवटच्या दिवशी रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचे प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
(नाव, कर्मचारी क्रमांक, मोबाइल)

या मजकुरात आभाराचा परिच्छेद लहान आहे, हे मुद्दाम आहे. ‘आपल्या मार्गदर्शनाबद्दल ऋणी आहे’ हे वाक्य प्रत्येकाच्या ईमेलमध्ये असते आणि कुणी ते वाचत नाही. साहेबांनी आपल्याला कोणते काम विश्वासाने दिले हे नाव घेऊन लिहिले की ते त्यांना पोचते. त्याच ईमेलमध्ये ओव्हरटाइमची, इन्क्रिमेंटची किंवा सुपरवायझरची तक्रार घालू नये. ती करायची तर एचआरच्या शेवटच्या मुलाखतीत, तीही आवाज न चढवता.

हस्तांतराचा परिच्छेद सर्वांत मोठा आहे, कारण रिलीव्हिंग लेटर बहुधा तेथेच अडते. ‘सर्व कामे व्यवस्थित सोपवीन’ असे लिहिले तर शेवटच्या दिवशी कुणीही उठून म्हणू शकतो की अमुक काम राहिले. त्याऐवजी कोणते काम संपेल, कोणते अर्धे राहील आणि अर्ध्या कामासाठी साहेबांकडून काय हवे, हे तिन्ही वेगळे लिहावे. पीपॅप पूर्ण होणार नाही हे पहिल्याच दिवशी लिहिल्यामुळे त्या मुलावर नंतर ठपका आला नाही. दुसरा माणूस नेमण्याची जबाबदारी आपोआप विभागाकडे गेली. दहा तारखेपर्यंत कुणाचेच नाव आले नाही, तेव्हा त्याने त्याच ईमेलला दोन ओळींचे उत्तर जोडून आठवण दिली, आणि १६ जूनला एका ज्युनिअरला त्याच्याजवळ बसवले गेले. ज्युनिअरला रोज काय दाखवले याची तारीखवार नोंद त्याने एका पानावर ठेवली आणि शेवटच्या दिवशी त्यावर दोघांच्या व साहेबांच्या सह्या घेतल्या. नोकरी सोडल्यावरही केव्हाही फोन करा, असे आश्वासन लिहून देऊ नये. पुढे फोन आला तर माणुसकीने उत्तर द्यावे, पण नवीन कंपनीच्या कामाच्या वेळेत नव्हे.

ग्राहकाची ड्रॉइंग्ज, कंट्रोल प्लॅन किंवा तपासणीचे अहवाल ‘पुढे उपयोगी पडतील’ म्हणून पेन ड्राइव्हवर किंवा खासगी ईमेलवर घेऊ नयेत. ही सवय आपल्या मुलांत फार आहे आणि ती चोरीच आहे. स्वतःच्या पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ मात्र ईमेल चालू असतानाच उतरवून घ्यावेत.

दोन दिवसांत उत्तर आले नाही तर नवीन ईमेल न लिहिता त्याच ईमेलवर नम्रपणे आठवण द्यावी, म्हणजे पहिली तारीख वर दिसत राहते. साहेबांनी पगार वाढवून थांबायला सांगितले आणि थांबायचे नसेल, तर नकारही लेखीच द्यावा.

शेवटच्या दिवशी नो ड्यूज फॉर्मवर स्टोअर, टूल रूम, कँटीन, आयटी आणि अकाउंट्स यांच्या सह्या घ्याव्या लागतात. अकाउंट्सचा माणूस दुपारनंतर बँकेत गेलेला असू शकतो, म्हणून त्याची सही सकाळीच घ्यावी आणि फॉर्मचा फोटो काढून ठेवावा. नवीन कंपनीला जुनाच यूएएन द्यावा, दुसरा काढू देऊ नये. त्यानंतर महिना-दीड महिन्याने पीएफच्या सदस्य पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडून जुन्या कंपनीसमोर नोकरी सोडल्याची तारीख २ जुलैच दिसते का ते पाहावे, आणि दिसत नसेल तर राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल जोडून जुन्या एचआरला लिहावे.