पॅनोरामाचे तुकड्यांतून शैलीरूपांतर: सुरुवातीपूर्वीची तयारी

रुंद पॅनोरामा मेमरीत एका वेळी मावत नाही म्हणून तो छायाचित्रावर चित्रशैली चढवणाऱ्या मॉडेलला तुकड्यांत द्यावा लागतो. हात घालण्यापूर्वी मूळ छायाचित्रातील एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स डावीकडून उजवीकडे सारखे आहेत ना, हे पाहून घ्यावे, कारण मुळातला किंचित फरकही शैली चढल्यावर ठळक होतो.

त्यानंतर मोजमाप ठरवावे. समजा चित्र १२८०० × २०४८ पिक्सेलचे आहे आणि प्रत्येक तुकडा २०४८ पिक्सेल रुंद आहे. दर १७९२ पिक्सेलवर नवा तुकडा सुरू केला, तर नेमके सात तुकडे होतात आणि शेजारच्या दोन तुकड्यांत २५६ पिक्सेल सामाईक राहतात. मॉडेल आत चित्र चौपट लहान करत असेल, तर हे अंतर ४ ने भाग जाणारे असावे. १७९२ ला तो भाग जातो.

सर्वांत जास्त लक्ष एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना शैली सरकण्याच्या, म्हणजे बदलण्याच्या, कारणाकडे द्यावे, आणि हे कारण बहुधा सांध्यात नसते. अशा अनेक मॉडेलांत इन्स्टन्स नॉर्मलायझेशनचे थर असतात, जे समोर आलेल्या चित्राची सरासरी आणि प्रसरण काढून त्यानुसार मूल्ये बदलतात. त्यामुळे नुसत्या आकाशाच्या तुकड्यातील फिकट छटा ताणल्या जाऊन तिथे गडद फटकारे उमटतात, तर शेजारच्या खडकाळ तुकड्यातील तेच आकाश शांत राहते. यावर उपाय असा की, संपूर्ण पॅनोरामा आधी ३२०० × ५१२ इतका लहान करून एकदा मॉडेलमधून न्यावा, प्रत्येक थरातील सरासरी आणि प्रसरण नोंदवावे आणि सातही तुकड्यांना तीच गोठवलेली मूल्ये लावावीत. लहान चित्रात बारीक पोत हरवतो, म्हणून ही मूल्ये अंदाजेच असतात. पण ती सर्वांना समान असणे इथे अधिक महत्त्वाचे आहे.

आता जोडणी. तुकड्याच्या कडेला मॉडेलला पलीकडचे चित्र दिसत नाही, त्यामुळे तिथले फटकारे बिघडतात. म्हणून सांध्यावर प्रत्येक बाजूचे ६४ पिक्सेल टाकून द्यावेत आणि उरलेल्या १२८ पिक्सेलच्या पट्ट्यात एक तुकडा हळूहळू विरवत दुसरा चढवावा. पॅनोरामाच्या बाहेरच्या कडा मात्र आधीच आरशातल्या प्रतिबिंबासारख्या वाढवून ठेवाव्यात आणि शेवटी छाटाव्यात.

विरवण्याआधी एक तपासणी न चुकता करावी: त्या १२८ पिक्सेलच्या पट्ट्यातील दोन्ही निकालांची वजाबाकी करून पाहावी. ती जवळजवळ काळी दिसली, तर जोडणी करण्यास हरकत नाही. संपूर्ण पट्ट्यावर रंगाचा एकसारखा फरक दिसल्यास कोणत्या तरी थराची मूल्ये गोठवायची राहिली आहेत, आणि फरक केवळ कडेकडे वाढत असल्यास ६४ पिक्सेल अपुरे आहेत, असे समजावे. पट्टा रुंद करून पहिला दोष झाकू नये. त्याने फटकारे दुहेरी आणि धूसर दिसतात.