खतातील नायट्रोजन : बोरिक आम्लासोबत उलट अनुमापनाचे गणित मांडू नका

केल्डाल पद्धतीने खतातील नायट्रोजन मोजताना पचन आणि ऊर्ध्वपातन नीट होऊनही युरियाचे उत्तर निम्म्यावर येते, तेव्हा दोष बहुधा उपकरणात नसून गणितात असतो. ऊर्ध्वपातनात बाहेर पडणारा अमोनिया पकडण्याच्या दोन पद्धती आहेत. ग्राहक फ्लास्कमध्ये मोजून घेतलेले प्रमाण सल्फ्युरिक आम्ल असेल, तर उरलेले आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने मोजावे लागते, आणि हेच उलट अनुमापन होय. बोरिक आम्लात मात्र अमोनियामुळे अमोनियम बोरेट तयार होते आणि त्या बोरेटचे थेट अनुमापन प्रमाण आम्लाने होते. बोरिक आम्ल अतिशय दुर्बल असल्यामुळे त्याचे घनफळ काटेकोर मोजण्याची गरज नसते. ते फक्त पुरेसे हवे.

एक उदाहरण पाहू. 1 ग्रॅम युरियाचे पचन करून द्रावण 250 मिली केले आणि त्यातील 25 मिली, म्हणजे 0.1 ग्रॅम युरिया, ऊर्ध्वपातनाला घेतला. ग्राहकात 50 मिली बोरिक आम्ल होते. 0.1 नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल 33.1 मिली लागले, कोऱ्या चाचणीला 0.2 मिली. फरक 32.9 मिली, प्रत्येक मिलीमागे 1.4007 मिलिग्रॅम नायट्रोजन धरल्यास 46.1 टक्के येतात, आणि शुद्ध युरियाच्या 46.6 टक्क्यांशी ते जुळते. सवयीने 50 मधून 33.1 वजा केले, तर 16.9 मिलीवरून 23.7 टक्के येतात. ही वजाबाकीच निरर्थक आहे, कारण 50 मिली बोरिक आम्ल हे 0.1 नॉर्मल आम्लाचे 50 मिली नव्हे.

दर्शकाची निवडही याच कारणाने बदलते. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन आणि मिथाइल रेड यांचे मिश्रण घ्यावे. अमोनिया येताच ते हिरवट होते आणि अंतिम बिंदूला फिकट गुलाबी छटा दिसते. ती छटा कोऱ्या चाचणीच्या रंगाशी ताडून पाहावी. फिनॉल्फ्थॅलिन येथे चालत नाही.

गणित बरोबर असूनही उत्तर कमी आले, तर वाळवलेले 0.2 ग्रॅम अमोनियम सल्फेट पचनाविना थेट ऊर्ध्वपातित करा, 0.1 नॉर्मल आम्ल सुमारे 30.3 मिली लागायला हवे. तेवढे लागले, तर तूट पचनात आहे. लागले नाही, तर अल्कली कमी पडली असावी, सांधा गळत असावा किंवा नळीचे टोक बोरिक आम्लाच्या पृष्ठभागाच्या वर राहिले असावे. पचनात कॉपर सल्फेट वापरले असल्यास पुरेशी अल्कली पडल्यावर द्रावण गडद निळे किंवा काळपट होते, त्यामुळे रंग बदलला नाही तर पुढे जाऊ नये. ग्राहक गरम होऊ देणेही टाळावे, कारण तापलेले बोरिक आम्ल अमोनिया नीट धरून ठेवत नाही. आणि उष्णता बंद करण्यापूर्वी ग्राहक खाली घ्यावा, नाहीतर द्रावण नळीतून मागे ओढले जाते.

अमोनियम नायट्रेटसारख्या खतात मात्र वरील चाचणी उत्तम येऊनही आकडा कमीच राहील. साध्या पचनात नायट्रेट अमोनियात बदलत नाही, म्हणून तेथे सॅलिसिलिक आम्ल व थायोसल्फेट यांचे पचन किंवा डेव्हार्डा मिश्रधातूने क्षपण करावे लागते.