ओटी, मोरी आणि ‘जाते’ : कवितेला टीप लिहिताना

मराठी कवितांचे हिंदी अनुवाद करू लागल्यावर पहिली काही वर्षे माझ्या टिपा शब्दकोशातून उचलल्यासारख्या असत. त्या चुकीच्या नव्हत्या, पण त्या वाचून कविता कोणाला भिडली असेल असे मला वाटत नाही. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी, माझ्या हातून बिघडलेल्या आणि नंतर दुरुस्त झालेल्या एका टिपेची हकीकत येथे देत आहे. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या एका मैत्रिणीच्या कवितेतल्या या ओळी आहेत:

शेजारच्या काकूंनी ओटी भरली,
आई मोरीपाशी उभी.
उंबऱ्याच्या आत चार दाणे टाकले मी
आणि चुकून म्हणाले, जाते.

मराठी वाचकाला पहिल्या दोन ओळींतच कळते की मुलीचे वडील हयात नाहीत. आई घरात असताना शेजारीण ओटी भरते, याचा दुसरा अर्थ सहसा होत नाही. कवितेत वैधव्याचा उल्लेख कोठेही नाही आणि तो नसण्यातच तिचे सारे बळ आहे.

माझ्या पहिल्या टिपेत तांदूळ, नारळ, खण, सुपारी, हळकुंड असे सगळे साहित्य क्रमाने नोंदवले होते. मूळच्या लखनौच्या असलेल्या एका सहकाऱ्यांना मी अनुवाद वाचायला दिला. ‘समजले का?’ असे विचारले असते, तर भिडेखातर त्यांनी होकार दिला असता. म्हणून ‘तुमच्या डोळ्यांसमोर काय आले?’ असे विचारले. त्यांनी सांगितले, की मुलगी गरोदर आहे, समारंभ चालू आहे आणि आई न्हाणीघरात काही कामात आहे. अनुवादात मी ‘गोद भरी’ लिहिले होते आणि हिंदीत ‘गोद भराई’ म्हणजे डोहाळजेवण. शब्द जवळचा वाटला म्हणून मी तो घेतला आणि त्यानेच घात केला. अगदी परक्या शब्दापाशी वाचक निदान थबकतो. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दावरून तो बिनदिक्कत चुकीच्या दिशेने पुढे जातो.

आता ‘ओटी’ हा शब्द तसाच ठेवला आणि टीप कवितेच्या आधी घेतली: ‘माहेरून निघणाऱ्या विवाहित मुलीच्या पदरात तांदूळ आणि नारळ घालून तिला निरोप देतात, त्याला ओटी भरणे म्हणतात. जुन्या रूढीनुसार विधवा ओटी भरत नाही.’ टीप येथेच थांबते. ‘म्हणून आईला दुःख होते’ हे वाक्य मी लिहून खोडले, कारण रूढी सांगणे हे माझे काम आहे आणि दुःखापर्यंत पोहोचणे वाचकाचे. हीच टीप तळाशी दिली असती, तर कविता संपल्यावर माहिती मिळाली असती आणि दुसऱ्या ओळीतली आई तोवर मागे पडली असती. ‘जुन्या रूढीनुसार’ हे शब्दही हवेत, कारण आज अनेक घरांत आईच ओटी भरते.

मोरीला वेगळी टीप दिली नाही. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. मोरी म्हणजे त्याच खोलीतला, भांडी घासायचा आणि अंघोळीचा कोपरा. आईला बाजूला व्हायचे असले, तरी जायला दुसरी खोलीच नाही. म्हणून अनुवादाच्या ओळीतच ‘उसी कमरे के कोने में, मोरी के पास’ असे घेतले. ओळ लांबली आणि लय थोडी सैल झाली, हे मला मान्य आहे.

चार दाण्यांविषयी मी अंदाजाने लिहिणार होते, पण असे रिवाज घरागणिक बदलतात. तेव्हा कवयित्रीलाच विचारले. त्यांच्याकडे मुलगी निघताना ओटीतले थोडे तांदूळ घरातच टाकते, म्हणजे माहेर रिते होत नाही. टिपेत ‘या घरात’ असेच लिहिले.

राहिला ‘जाते’. घरातून निघताना आपण ‘येते’ म्हणतो. ‘जाते’ म्हटले की घरातले मोठे माणूस लगेच ‘येते म्हण’ असे टोकते. बंगाली वाचकाला हे सांगावे लागणार नाही, कारण तोही निघताना ‘आशि’, म्हणजे ‘येतो’, म्हणतो. तमिळमध्येही ‘जाऊन येतो’ असेच म्हणण्याची रीत आहे. हिंदीत मात्र ‘चलती हूँ’ सहज म्हटले जाते, त्यामुळे शेवटची ओळ सपाट झाली होती. तेथे ‘जाती हूँ’ ठेवले आणि टिपेत एकच वाक्य वाढवले: ‘निरोप घेताना “येते” म्हणतात, “जाते” अशुभ मानतात.’

दुसऱ्या वाचनात सहकारी शेवटच्या ओळीवर थांबले आणि त्यांनी मला विचारले, ‘मग आईने तिला टोकले का नाही?’ त्याचे उत्तर मी टिपेत घातलेले नाही.