२७ फोटो पाठवले, पोचले २०: एका मेसेजमधले फोटो गपचूप गळतात ते कसं पकडायचं

छत गळत होतं म्हणून विम्याच्या क्लेमसाठी मी फॉर्ममधून २७ फोटो पाठवले. हिरवी पट्टी शंभर टक्क्यांवर गेली, 'तुमचा अर्ज मिळाला' असं आलं, मी खुश. आठ दिवसांनी फोन, की अहो भेगेचा जवळून काढलेला फोटो कुठंय? म्हटलं पाठवलाय की. तर म्हणे आमच्याकडे वीसच दिसतायत. एरर नाही, लाल अक्षर नाही, काहीच नाही, सात फोटो हवेत गेले.

आता हे का होतं ते आधी बघू, कारण ते कळलं की पुढच्या स्टेप्स आपोआप पटतात. तुम्ही फोटो निवडता तेव्हा जे छोटे छोटे चौकोन दिसतात ते तुमच्याच फोनने किंवा ब्राउजरने दाखवलेले असतात, समोरच्या सर्व्हरने नाही. फोटो निघतात सगळे, डेटा पण सगळ्यांचा जातो, पण पलीकडे मोजणारा असतो आणि त्याचा आकडा भरला की पुढचे तो घेतच नाही. भरपूर वेबसाइट्स पीएचपी नावाच्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतात आणि त्यात ही सेटिंग अशी असते:

```
max_file_uploads = 20
upload_max_filesize = 2M
post_max_size = 8M
```

हे कुणी हात न लावता मूळचे आकडे आहेत. पहिली ओळ म्हणजे एका वेळी २० फाइल्स. एकविसावी आली की सर्व्हर स्वतःच्या लॉगमध्ये एक वॉर्निंग लिहून ठेवतो आणि पुढे चालू लागतो, ती वॉर्निंग तुम्हाला दिसत नाही, आणि फॉर्म बनवणाऱ्याने वेगळी तपासणी घातली नसेल तर फॉर्मलाही वीस फाइल्स नीट मिळालेल्याच दिसतात, मग तो 'अर्ज मिळाला' म्हणणारच ना. गंमत म्हणजे साइजच्या खालच्या दोन ओळी साइटवाले हमखास वाढवून घेतात, कारण फोनचा फोटो दोन एमबीत मावत नाही आणि लोक लगेच ओरडतात. पहिली ओळ मात्र तशीच राहते, कारण ओरडायला आधी कळायला तर पाहिजे!

सगळीकडे असं नसतं हां. व्हॉट्सअॅपवर एका वेळी १०० ची मर्यादा आहे पण ते निवडतानाच अडवतं. टेलिग्राम दहा-दहाचे अल्बम करतं, उरलेले पुढच्या अल्बममध्ये टाकतं. तोंडावर सांगणारी मर्यादा त्रासाची नाही, गप्प बसणारी आहे. आणि ती बहुतेक वेळा फॉर्म, तक्रार पोर्टल, कस्टमर केअरचा चॅट बॉक्स असल्या ठिकाणी भेटते.

तर करायचं काय.

पहिलं, फोटोंना नंबर द्या. हे कंटाळवाणं आहे पण सगळा खेळ ह्यावर आहे. `IMG_20240612_101533.jpg` असल्या नावांवरून कुठला गायब झाला ते तुम्हालाही सांगता येणार नाही आणि समोरच्याला तर नाहीच. `01_khidki.jpg`, `02_chhat.jpg` असं करा. शून्य विसरू नका, नाहीतर बऱ्याच ठिकाणी नावाने लावताना `10` हा `2` च्या आधी येऊन बसतो आणि क्रमाची वाट लागते.

दुसरं, महत्त्वाचे फोटो वर घ्या. आपण फोटो कसे काढतो, आधी लांबून अख्खी खोली, मग भिंत, मग जवळ जाऊन भेग. म्हणजे खरा पुरावा सगळ्यात शेवटी, आणि गळतात तेही शेवटचेच. माझे गेलेले सात बरोबर क्लोजअपच होते. म्हणून नंबर देताना भेगेला `01` द्या, अख्ख्या खोलीला `27`. तरी एक सांगते, फाइल्स कधी नावाच्या क्रमाने जातात तर कधी तुम्ही टिक केलेल्या क्रमाने, त्यामुळे निवडताना पण वरून खाली ह्याच क्रमाने टिक करा.

तिसरं, तुकडे पाडा आणि तुकड्यावर आकडा लिहा. मर्यादा कुठे लिहिलेली सापडली तर तिच्याखाली रहा, नाही सापडली तर मी सरळ पाच-पाचचे पाडते, अजून कुठे अडलं नाही. पण नुसते तुकडे पाडून उपयोग नाही, मेसेजमध्ये किंवा रिमार्कच्या रकान्यात हे लिहायचं:

"एकूण फोटो २७. हा भाग ६ पैकी १, फोटो 01 ते 05."

म्हणजे समोर जो माणूस उघडेल त्याला चारच दिसले तर त्याच्याच लक्षात येईल. आकडा लिहिलेला नसला की त्याच्या दृष्टीने जेवढे आले तेवढेच तुम्ही पाठवले, विषय संपला.

फॉर्म एकदाच भरता येत असेल तर सगळे फोटो एका पीडीएफमध्ये घाला, ती एकच फाइल मोजली जाते. झिप पण चालते पण खूप ठिकाणी झिप घेत नाहीत. पीडीएफ करताना क्वालिटी फार खाली आणू नका, भेग दिसलीच नाही तर मग फोटो पोचून काय फायदा. चार फोटोंचा एक कोलाज करायचा उपाय पण लोक सांगतात, मला नाही आवडत, प्रत्येक फोटो बारीक होतो.

चौथं, पलीकडून मोजून घ्या. 'मिळाले का?' असं विचारू नका, उत्तर 'हो' च येतं. 'किती मिळाले आणि शेवटच्याचा नंबर काय?' असं विचारा. पोर्टल असेल तर लॉगआउट करून परत लॉगिन करा आणि जमा झालेला अर्ज उघडून मोजा, तिथे सर्व्हरकडे खरंच जे आहे ते दिसण्याची शक्यता जास्त. पाठवताना दिसलेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका.

कमी निघाले तर कुठले गेलेत ते बघा, त्यावरून कारण कळतं. बरोबर ५, १० किंवा २० असा गोल आकडा आलाय आणि शेपटीकडचे सलग गायब आहेत, तर ती संख्येची मर्यादा. मधले मधले एखाद-दुसरे नाहीत आणि तेच नेमके साइजने मोठे होते, तर एका फाइलची साइज जास्त झाली. एकही आला नाही तर बहुतेक सगळ्यांची मिळून साइज ओलांडली. पहिल्या केसमध्ये फोटो बारीक करून काही होत नाही, लोक उगाच कॉम्प्रेस करत बसतात आणि परत सत्तावीसच्या सत्तावीस एकदम पाठवतात, परत वीसच पोचतात.

पुन्हा पाठवताना फक्त राहिलेलेच पाठवा, सगळे नको, नाहीतर पलीकडे डुप्लिकेटचा गोंधळ होतो आणि कुणी 'हे तर आलेत' म्हणून बंद करून टाकतं. मी राहिलेल्या फोटोंना आधीच्याच क्रमाने नंबर दिले आणि अर्जाचा नंबर घालून एवढंच लिहिलं, "आधीच्या अर्जात 21 ते 27 पोचले नाहीत, तेवढेच ७ सोबत जोडलेत, मिळाल्यावर संख्या कळवा." दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ७ मिळाले, शेवटचा `27_bheg_javalun.jpg`.