कंडेन्सर ड्रायर: अडीच तासांनंतरही कपडे दमट, टाकी मात्र जवळपास रिकामी

चार किलो सुती कपडे अडीच तास फिरूनही दमट निघत होते. टाकीत जेमतेम कपभर पाणी आणि खोलीच्या काचांवर वाफ. लिंट फिल्टर धुतला, कपडे निम्मे केले, वॉशिंग मशीनचा स्पिन वाढवला, फरक शून्य. दोन आठवडे घरभर दोऱ्या बांधून अक्षरशः वैतागलो.

खरा धागा रिकाम्या टाकीत होता. ड्रममधली गरम दमट हवा हीट एक्स्चेंजरमधून जाते, शेजारच्या फटींतून खोलीची थंड हवा वाहते, वाफेचं पाणी होऊन खाली साचतं आणि पंप ते वर टाकीत चढवतो. फटी धाग्यांच्या गाळाने बुजल्या की हवा थंडच होत नाही. ओल ड्रममध्येच फिरत राहते, थोडी खोलीत निसटते.

प्लग काढून मशीन अर्धा तास थंड होऊ दिलं. खाली टॉवेल पसरून तळाचं झाकण उघडलं, दोन्ही खिट्ट्या फिरवून एक्स्चेंजर ओढून काढला. हँड शॉवरने आधी लांबीच्या, मग आडव्या फटी धुतल्या. राखाडी लगदा निघाला. ब्रश किंवा टोकदार काही घालू नका, पातळ पत्रे वाकतात. निथळवला, रबरी सील आणि त्याची जागा ओल्या फडक्याने पुसली, बसवून खिट्ट्या लावल्या. टाकीची जाळीही बुळबुळीत झाली होती, तीही धुतली.

त्याच चार किलोंना आता दीड तास लागतो आणि टाकीत सुमारे दोन लिटर पाणी येतं. टाकी दर वेळी ओततो, एक्स्चेंजर महिन्याला धुतो. हीट पंपवाल्या मशीनमध्ये तो बहुधा पक्का बसवलेला असतो. तिथे ओढाओढ नको.