समोरासमोर येणारी वाहने कोठे आणि केव्हा भेटतील, हे कसे काढावे

दोन गावांहून दोन वाहने एकाच वेळी एकमेकांच्या दिशेने निघाली, तर ती केव्हा भेटतील हे बहुतेक विद्यार्थ्यांना काढता येते. वेगांची बेरीज करून अंतराला तिने भागले की उत्तर मिळते. अडचण येते ती एक वाहन उशिरा निघते तेव्हा, म्हणून येथे तेच उदाहरण घेऊ.

म्हापसा ते काणकोण हे रस्त्याने अंतर ८० किमी मानू. म्हापशाहून सकाळी ८ वाजता एक बस ताशी ३० किमी वेगाने काणकोणकडे निघाली आणि काणकोणहून ८ वाजून १० मिनिटांनी एक कार ताशी ४५ किमी वेगाने त्याच रस्त्याने म्हापशाकडे निघाली. दोन्ही वाहने केव्हा आणि म्हापशापासून किती अंतरावर भेटतील? (मुद्दाम रस्ता घेतला आहे. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांशी एकेरी असल्याने समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना ओलांडण्यासाठी एखाद्या स्थानकात थांबावे लागते, आणि मग हे साधे गणित तेथे तसेच लागू पडत नाही.)

प्रथम एक आडवी रेघ ओढून डाव्या टोकाला म्हापसा, उजव्या टोकाला काणकोण लिहावे आणि प्रत्येक टोकाखाली निघण्याची वेळ व वेग मांडावा. त्यानंतर स्वतःला विचारावे की दोन्ही वाहने एकदम धावू लागली ती कोणत्या क्षणी. येथे तो क्षण ८:१० आहे. तोपर्यंत बस एकटीच धावत होती, आणि १० मिनिटे म्हणजे तासाचा सहावा भाग असल्यामुळे तिने ३० ÷ ६ = ५ किमी अंतर कापले होते. म्हणजे ८:१० वाजता दोन वाहनांमधील अंतर ७५ किमी उरले.

आता सापेक्ष वेग वापरावा. कारमधून पाहणाऱ्याला बस आपल्याकडे ताशी ३० किमीने नव्हे, तर त्यात कारचा स्वतःचा वेग मिळून ताशी ७५ किमीने येताना वाटते, कारण मधले अंतर दोन्ही बाजूंनी घटत असते. दिशा विरुद्ध असल्याने वेगांची बेरीज होते; एकाच दिशेने पाठलाग असता, तर वजाबाकी झाली असती. ७५ किमी अंतर ताशी ७५ किमीने घटले की १ तास लागतो, म्हणून भेट ९:१० वाजता होईल. तोपर्यंत बसचे अंतर ५ + ३० = ३५ किमी होते, म्हणजे भेटीचे ठिकाण पणजी ओलांडल्यावर, पण मडगाव येण्यापूर्वी लागेल.

उत्तर लिहिण्यापूर्वी ताळा करणे मात्र सोडू नये. कारने १ तासात ४५ किमी कापले आणि ३५ + ४५ = ८० होतात, म्हणून उत्तर जुळते. पडताळणीचे खरे मोल चुकीच्या उत्तरावर कळते. समजा एखाद्याने ८:१० कडे दुर्लक्ष करून ८० ÷ ७५ केले. त्याचे उत्तर १ तास ४ मिनिटे येईल आणि तो ९:०४ लिहील. त्या वेळी बस ३२ किमीवर असेल, कार मात्र ५४ मिनिटांत ४०.५ किमी आलेली असेल, आणि दोन्हींची बेरीज ७२.५ किमीच भरेल. म्हणजे ती अजून भेटलेलीच नाहीत. हाच वेळ ८:१० पासून मोजला, तर ९:१४ येते आणि बेरीज ८५ किमी होते, म्हणजे ती एकमेकांना ओलांडून पुढे गेली आहेत. याच भागाकारात आणखी एक चूक नेहमी दिसते: १.०६ तास आले की मुले १ तास ६ मिनिटे लिहितात. दशांश भागाला ६० ने गुणल्याशिवाय मिनिटे मिळत नाहीत.

अंतराची विभागणी वेगांच्या प्रमाणात, येथे २ : ३ मध्ये, करण्याची युक्ती सोयीची आहे. पण ती ८० किमीला नव्हे, तर उरलेल्या ७५ किमीला लावावी, म्हणजे ३० आणि ४५ मिळतात. मग बसचे आधीचे ५ किमी मिळवावे.

बस मध्येच थांबली, तरी पद्धत बदलत नाही. समजा ती पणजीच्या बसस्थानकावर ५ मिनिटे थांबली. त्या वेळात ती २.५ किमी गेली असती, म्हणून तेवढे अंतर ७५ मध्ये मिळवावे: ७७.५ ÷ ७५ म्हणजे ६२ मिनिटे, आणि भेट ९:१२ वाजता. बस ६७ मिनिटे धावून ३३.५ किमी, कार ६२ मिनिटांत ४६.५ किमी, एकूण ८०. मात्र थांबा भेटीच्या आधीचा आहे याची खात्री करून घ्यावी. हीच बस मडगावला ५ मिनिटे थांबली असती, तर भेट तोवर होऊन गेलेली असल्याने उत्तर ९:१० हेच राहिले असते.