दोन पानांचा रेझ्युमे एका पानावर आणताना या चुका टाळा

दहा-पंधरा वर्षे नोकरी केलेली माणसे रेझ्युमे एका पानावर आणायला बसली की सर्वप्रथम अक्षरांचा आकार कमी करतात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता फाइल उघडण्याआधीच मला तिचे रूप दिसते. मजकूर तोच राहतो, फक्त तो दाटीवाटीने बसवला जातो.

माझ्या एका सहकाऱ्याने नेमके हेच केले होते. खरेदी विभागातला तेरा वर्षांचा अनुभव आणि चार नोकऱ्या एवढा ऐवज त्याने ८ पॉइंटच्या अक्षरांत, पाव इंचाच्या समासात आणि दोन स्तंभांच्या तक्त्यात कोंबला. फोन नंबरही जागा वाचावी म्हणून पानाच्या हेडरमध्ये नेऊन ठेवला. अर्जाच्या पोर्टलवर ती फाइल चढवल्यावर आपोआप भरलेल्या रकान्यांत सध्याच्या पदासमोर पहिल्या नोकरीच्या तारखा आल्या आणि फोनचा रकाना रिकामाच राहिला. घाईत त्याने ते न तपासता अर्ज पाठवून दिला. अशी प्रणाली मजकूर सलग वाचण्याचा प्रयत्न करते. तक्ता असेल तर काही वेळा ती डाव्या आणि उजव्या स्तंभातल्या ओळी एकमेकींत मिसळते, आणि हेडरमधला मजकूर काही प्रणाली वाचतच नाहीत. म्हणून पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा, आणि तिथे क्रम बिघडलेला दिसला तर तक्ता काढून टाकावा, अशी माझी सवय आहे.

अक्षरे साडेदहा पॉइंटची आणि समास २ सेंटिमीटरचे ठेवले, तर ए-फोर कागदावर साधारण ५० ते ५२ ओळी मावतात. या हिशेबाला मी ओळींचे अंदाजपत्रक म्हणतो, आणि ते आधी ठरवल्याशिवाय एक शब्दही कापत नाही. सहकाऱ्याच्या मूळ रेझ्युमेत रिकाम्या ओळी वगळून ९० ओळी होत्या. त्यातल्या ५२ चार नोकऱ्यांना सारख्याच, म्हणजे प्रत्येकी १३ वाटल्या होत्या, आणि माझ्या मते दुखणे नेमके इथेच होते. बारा वर्षांपूर्वी तो दरपत्रके गोळा करत होता आणि आता तो वर्षभराचे करार ठरवतो. तरीही कागदावर दोन्ही कामांचे वजन एकच होते.

आम्ही सध्याच्या नोकरीला १५ ओळी दिल्या, तिच्या आधीच्या नोकरीला ९, आणि जुन्या दोन नोकऱ्यांना मिळून ५. जुन्या नोकऱ्या पूर्णपणे पुसून टाकाव्यात, असा आडमार्ग अनेकांना सुचतो. परंतु त्यामुळे तारखांत खिंडार पडते आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्याचाच येतो. पद, कंपनी आणि वर्षे एवढे ओळभर ठेवले तरी पुरते. उरलेल्या ओळींत नाव व संपर्काला ३, परिचयाला ३, शिक्षणाला ४, कौशल्यांना ४ आणि बाकी शीर्षके व मोकळी जागा, अशी वाटणी झाली.

दुसरी चूक म्हणजे कामगिरीऐवजी नेमणूकपत्रातली कर्तव्ये उतरवणे. ‘विक्रेत्यांशी समन्वय साधणे, दरपत्रके मागवणे, तुलनात्मक तक्ता तयार करणे व वरिष्ठांची मंजुरी घेणे या जबाबदाऱ्या पार पाडल्या’ या दोन ओळींच्या जागी ‘४० पुरवठादारांचे करार नव्याने केले, खरेदीखर्च ६ टक्क्यांनी घटला’ ही एकच ओळ आली. जो आकडा मुलाखतीत कसा काढला ते सांगता येणार नाही, तो मात्र लिहू नये.

छंद, पूर्ण पत्ता आणि ‘संदर्भ मागितल्यास देऊ’ हे वाक्य निःसंकोच काढावे. कौशल्यांसमोर चांदण्या किंवा भरलेल्या पट्ट्या काढणारे तयार टेम्पलेट वापरू नये. पाचपैकी चार चांदण्यांचे एक्सेल म्हणजे काय, ते मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

एवढे करूनही चार-पाच ओळी दुसऱ्या पानावर सांडल्या, तर अधीर माणूस पुन्हा अक्षरांकडे वळतो. त्याऐवजी ज्या परिच्छेदांच्या शेवटच्या ओळीत एक-दोनच शब्द लोंबत आहेत ते शोधावेत आणि वाक्यातला एखादा शब्द कमी करून ती ओळ वर ओढून घ्यावी. सहकाऱ्याच्या मसुद्यात अशा सहा ओळी निघाल्या.

कापलेला मजकूर फेकून न देता दोन पानी मूळ प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवावी, कारण पुढच्या अर्जाला जुन्या नोकरीतलेच एखादे काम अधिक लागू पडू शकते. संशोधन वा अध्यापनाच्या पदासाठी प्रकाशनांची यादी द्यायची असेल, किंवा जाहिरातीत ठरावीक नमुना दिलेला असेल, तर मात्र एका पानाचा हट्ट धरू नये.